लॅट पुलडाउनची केबल तुटली: अहवालात कारण काय लिहायचं?

जिम व्यवस्थापक, विश्रामबाग (सांगली)
लॅट पुलडाउन करताना केबल तुटून आमचा एक सभासद जखमी झाला. मालकांना द्यायचा अहवाल खाली देतोय. कारण बरोबर लिहिलंय का, की काही सुटलंय?

'सोमवारी सायंकाळी साडेसातला सभासद लॅट पुलडाउनवर ७५ किलो लावून व्यायाम करत होते. तिसऱ्या सेटमध्ये त्यांनी मागे झुकून झटका दिल्याने केबल तुटली. दांडा मांडीवर आदळला, सभासद मागे पडले व डोके मागील डंबेल रॅकला लागले. चार टाके पडले, उजवे मनगट फ्रॅक्चर. सकाळच्या पाहणीत केबल व्यवस्थित दिसत होती. कारण: अयोग्य पद्धतीने व्यायाम व अचानक झटका.'

पहाटेचा गडी
अहवालात चुकीचं काय आहे? हल्लीची पोरं झेपत नाही ते वजन लावतात आणि सगळं अंग मागं टाकून ओढतात. सेट संपला की दांडा सोडून देतात, ठोकळे धाडकन आपटतात. मशीन लोखंडाचं असलं म्हणून किती सोसायचं ओ? ट्रेनरनं दहादा सांगूनही ऐकत नसतील तर दोष जिमचा कसा?

दोरखंड (कुपवाड एमआयडीसी)
जरा हिशेब करून बघू. या मशीनला बहुतेक ५ मिमीच्या आसपासची स्टीलची केबल असते, वरून नायलॉनचं आवरण. आत सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे १३३ बारीक तारा. अशी केबल नवी असताना तुटायला दीड टनाच्या वर ताण लागतो. तुमचं वजन ७५ किलो. झटक्यानं ताण तिप्पट झाला असं धरलं, आणि हे मी मुद्दाम जास्त धरतोय, तरी सव्वादोनशे किलो. म्हणजे तेवढ्या ताणाला तुटायची तर केबलमध्ये सातवा हिस्साच जीव उरलेला हवा. १३३ पैकी वीसएक तारा.

झटका खरा असेल, पण त्यानं शेवटच्या तारा तुटल्या. बाकीच्या कशानं गेल्या ते अहवालात नाही. दोन गोष्टी सांगा. केबल नेमकी कुठं तुटली? आणि तुटलेल्या तारांची टोकं कशी दिसतात?

जिम व्यवस्थापक
दांड्याच्या बाजूला तुटली. केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची नळी असते ना, तिच्या वर साधारण ३ सेंटीमीटरवर. तिथं रबरी गोळा असतो, तुटलेला भाग त्याच्या आतच होता. नळीकडचा तुकडा माझ्याकडे आहे. वरची केबल मेकॅनिकनं नवी टाकताना नेली.

टोकं आज उन्हात नेऊन बघितली. बऱ्याच तारा काळपट-लालसर आणि सपाट तुटलेल्या, जणू कटरनं कापल्यात. अंदाजे पाव हिस्सा तारा चकचकीत आहेत, त्यांची टोकं ओढल्यासारखी निमुळती.

दोरखंड
मग उत्तर तुमच्या हातातच आहे. तार पुन्हा पुन्हा वाकून थकली की सपाट तुटते. नुसत्या ताणानं तुटली तर आधी बारीक होते, मग निमुळतं टोक राहतं. काळ्या टोकांना गंज चढायला वेळ मिळालाय, म्हणजे त्या तारा सोमवारी तुटलेल्याच नाहीत, बरेच दिवस आधी गेल्यात. चकचकीत त्या सोमवारच्या.

पाव हिस्सा म्हणजे तीस-पस्तीस तारा होतात, माझ्या वीसपेक्षा जास्त. पण उरलेल्या तारा भार सारखा वाटून घेत नाहीत. ज्या ताठ असतात त्या आधी जातात, मग शेजारच्या.

जागाही ओळखीची आहे. नळी ताठ, केबल मऊ. जिथं दोन्ही भेटतात तिथंच वाकणं साठतं. दांडा तिरका धरला की तिथं वाकतं, रिकामा दांडा झुलला की तिथं वाकतं. दिवसाला चाळीस जण, प्रत्येकी तीन सेट, बारा वेळा ओढणं धरलं तर १,४४० वेळा. वर्षाचे ३०० दिवस धरा, सव्वाचार लाखांवर जातं. वर रबरी गोळ्यानं ती जागा झाकलेली. त्यामुळे 'सकाळी व्यवस्थित दिसत होती' हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. जे दिसत होतं ते आवरण होतं.

पहाटेच्या गड्याचं एक म्हणणं मात्र मान्य. दांडा सोडून दिला की ठोकळे खाली जातात, दांडा वर उडतो आणि रबरी गोळा वरच्या पुलीच्या घरावर आदळतो. तो मार थेट याच तीन सेंटीमीटरला बसतो.

मिरजेचा घरगुती
इतकं कशाला? माझ्या घरच्या मशीनची केबल गेली तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिक चढवलेली वायर आणली, टोक वळवून दोन यू-क्लिपा आवळल्या. खर्च चारशेच्या आत. दोन वर्षं झाली, काही नाही. नळी दाबायचं मशीन कुठं शोधत बसायचं?

दोरखंड
तुमच्या घरी ओढणारे तुम्ही एकटे, म्हणून दोन वर्षं गेली. क्लिपा आवळताना प्लॅस्टिक सोलून काढलं होतं का? नसेल तर क्लिप स्टीलला नाही, प्लॅस्टिकला धरून बसलीय. प्लॅस्टिक हळूहळू दबतं, क्लिप सैल पडते, केबल रोज केसभर सरकते. क्लिपेच्या मागं पेननं खूण करा आणि महिन्यानं बघा. खूण हललेली असली तर मशीन बंद ठेवा.

आणि क्लिपेची दिशा बघा. खोबणीची बाजू भार घेणाऱ्या वायरवर हवी, गोल यू वळवलेल्या शेपटीवर. उलटी बसली तर यू भाराच्या वायरलाच चिमटून तिच्या तारा चिरडतो. जिममध्ये, जिथं अनोळखी माणसं मशीनवर बसतात, तिथं असली जोडणी मी चालवूनच घेणार नाही.

मिरजेचा घरगुती
सोललं नव्हतं. दिशा बघतो.

लोखंडी कडे
मुळात केबलच जाड टाकायची. ५ची जागा ८ मिमीनं घेतली की विषय संपला. ताकद दुपटीच्या वर जाते, मग कोणी कितीही झटके देऊ दे.

दोरखंड
ताकद वाढते हे खरं. पण इथं केबल ताकद कमी म्हणून तुटलेली नाही, वाकून वाकून थकल्यानं तुटलीय. पुली तीच ठेवून केबल जाड केली तर प्रत्येक वळणावर बाहेरच्या तारांना जास्त ताण बसतो, म्हणजे थकवा लवकर. शिवाय पुलीची खाच ५-६ मिमीसाठी कोरलेली. जाड केबल तळाला बसत नाही, कडांवर घासते आणि आवरण सोलून निघतं. बदलताना जाडी, तारांची रचना आणि लांबी मूळ केबलसारखीच घ्या. मोठी पुली बसवायला जागा असेल तर तिथं खरा फायदा आहे.

कोर्टाच्या पायऱ्या
तांत्रिक बाजू जाणकारांनी सांगितली, मी कागदाचं बोलते. हा अहवाल उद्या विमा कंपनी वाचेल आणि प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तिथंही वाचला जाईल. त्यात तुम्ही कारण ठरवून टाकलंय आणि पुरावा एकही जोडलेला नाही. समोरच्या वकिलानं तो तुकडा तज्ज्ञाला दाखवला की तुमचा कागद तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. जे दिसलं ते लिहा: कुठं तुटली, टोकं कशी होती, केबल कधी बसवली होती, शेवटची तपासणी कोणी आणि कशी केली. निष्कर्ष वेगळ्या परिच्छेदात, 'प्राथमिक अंदाज' म्हणून.

प्रवेश अर्जावर 'इजेला जिम जबाबदार नाही' अशी सही घेतली असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. मशीनची देखभाल हा सेवेचाच भाग आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी दाखवायला ती सही आड येईलच असं नाही.

तुकडा पुसू नका, तेल लावू नका. कोरड्या पिशवीत घालून तारीख लिहून कुलपात ठेवा. आणि मेकॅनिककडची केबल आजच परत मागवा, भंगारात गेली असेल तर तसंही लिहा.

पहाटेचा गडी
म्हणजे सगळा भार मालकावर? मशीनवर 'झटका देऊ नका' अशी पाटी आहे. सभासदाचा वाटा काहीच नाही का? शिवाय दर वर्षी सगळ्या केबली बदलायच्या म्हटलं तर लहान जिमवाल्यानं फी किती लावायची?

कोर्टाच्या पायऱ्या
वाटा असू शकतो, भरपाईची रक्कम त्यानं कमीही होऊ शकते. पण पाटी दाखवायची तर ती सोमवारी जागेवर होती हेही दाखवावं लागेल. फोटो आहे का?

दोरखंड
वर्षानं बदलायची की खुणा दिसल्यावर, यावर आमच्यातही एकमत नाही. बरेच उत्पादक वर्षाची मुदत देतात. माझ्या मते गर्दीच्या जिममध्ये लॅट आणि क्रॉसओव्हर, एवढ्या तरी वर्षानं बदलाव्यात. पाय-मशीनच्या कमी वापराच्या केबली तपासून चालवता येतात. अट एकच, तपासणी खरी हवी.

पिन काढून केबल ढिली करा. रबरी गोळा वर सरकवून नळीचं तोंड उघडं करा. आवरणाला तडा, गंजाचा डाग किंवा आतून तार टोचताना दिसली तर मशीन त्याच क्षणी बंद. मग चिमटीत धरून सगळी केबल सरकवत न्या. बोटाला गाठ किंवा बारीक झालेली जागा लागली तर आत पेड तुटलाय असं समजा. शेवटी ठोकळ्यांच्या माथ्यावरचा बोल्ट आणि त्याचा लॉकनट बघा. तिथं आटे जेमतेम धरलेले असले की केबल चांगली असूनही सुटते. एका मशीनला पाच मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा.

आणि रॅकचं काय? पुलडाउनला पाठ टेकायला काही नसतं. मांड्या रोलरखाली अडकलेल्या, ओढ अचानक गेली की धड मागंच जाणार. केबल कशानंही तुटो, टाके त्या रॅकनं पाडलेत. रॅक किती अंतरावर होता?

जिम व्यवस्थापक
सीटपासून दोन फूट. आज हलवला, पण जागेअभावी चार फुटांच्या वर जात नाही.

मेकॅनिकला फोन केला, केबल त्याच्या दुकानात अजून पडून आहे, संध्याकाळी आणतोय. पाटीचा फोटो नाही. केबल कधी बसवली याची नोंद सापडली नाही; बिलं बघितली तर तीन वर्षांत केबलचं एकही बिल नाही. मेंटेनन्सच्या वहीत 'ऑइलिंग केले' एवढंच लिहिलंय, तेही ठोकळ्यांच्या रॉडचं.

'कारण' हा रकाना खोडून 'तुटलेल्या टोकाचे वर्णन' असा केला. क्रॉसओव्हरचे दोन्ही रबरी गोळे सरकवून बघितले. डाव्या बाजूला आवरणाला तडा आहे. मशीन बंद करून कागद चिकटवलाय.

पहाटेचा गडी
डाव्या क्रॉसओव्हरवर तर मीच असतो ओ रोज.