मदत हवी आहे: बी.ए.एम.एस. नंतर दवाखाना, औषधसुरक्षेची नोकरी की वेलनेस रिसॉर्ट?

शमी_२२ (धागाकर्ती)

नमस्कार. माझी बी.ए.एम.एस.ची इंटर्नशिप नुकतीच संपली असून कायम नोंदणीचा अर्ज केला आहे. एम.डी.साठी ए.आय.ए.पी.जी.ई.टी. दिली होती, परंतु कायचिकित्सा किंवा पंचकर्म मिळेल असा क्रमांक आला नाही आणि केवळ जागा मिळते म्हणून दुसरा विषय घ्यावा असे मला वाटत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते लवकरच सुरू होतील, त्यामुळे काही न करता वर्षभर पुन्हा अभ्यास करणे शक्य नाही.

सध्या माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. पुण्यातील एका कंपनीत फार्माकोव्हिजिलन्सची नोकरी मिळत आहे, पगार दरमहा 28,000. गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये राहण्याजेवणासह 35,000 देण्यास तयार आहेत. तिसरा मार्ग म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात रात्रपाळीला आर.एम.ओ. म्हणून 22,000 वर राहायचे आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवायचा.

मला पुढे पंचकर्माचीच प्रॅक्टिस करायची आहे. दोन वर्षांनी मागे वळायचे ठरवले, तर यांपैकी कोणत्या मार्गावरून सहज परतता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रानजाई

मी बी.ए.एम.एस. असून औषधसुरक्षेच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून त्यापुरतेच लिहिते. एखाद्या औषधाने कोणाला त्रास झाल्याचा अहवाल आला की प्रथम त्यात रुग्ण, कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास या चार गोष्टी आहेत का ते पाहायचे, मग त्रासाला ठरावीक शब्दकोशातील संज्ञा लावायची, तो गंभीर आहे का ते ठरवायचे आणि संपूर्ण घटनाक्रम इंग्रजीत लिहून काढायचा. गंभीर आणि औषधाच्या माहितीपत्रकात नसलेला परिणाम असेल तर बहुतेक देशांच्या यंत्रणांकडे तो 15 दिवसांत पोहोचवावा लागतो, त्यामुळे दिवसभर डोक्यावर मुदतीचे घड्याळ असते. शब्द जपून वापरणाऱ्या माणसाला हे काम आवडते, मला आवडते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रतिकूल आहे. या कामात रुग्ण कधीच समोर येत नाही. दोन वर्षांनी मला औषधांची परस्परक्रिया उत्तम समजू लागली होती, पण नाडीवर हात ठेवण्याचा आत्मविश्वास गेला होता. शिवाय येथील औषधे जवळजवळ सर्व आधुनिक असतात. आयुष औषधांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे आणि तिचे समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, परंतु ते काम मुख्यतः महाविद्यालये आणि संस्थांमधील केंद्रांतून चालते, कंपन्यांत नव्हे.

सह्याद्रीपुत्र

एवढा विचार कशासाठी करता? आपल्याला कायद्याने ॲलोपॅथीची परवानगी आहे. गोव्यात जा, पगार घ्या, सोबत जनरल प्रॅक्टिसही करा.

वैद्य_पन्हाळा

वरील विधान अर्धेच खरे आहे. बी.ए.एम.एस. डॉक्टरांना आधुनिक औषधे वापरता येतात ती महाराष्ट्र शासनाने राज्याच्या कायद्याखाली दिलेल्या मुभेमुळे. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये मुख्तियार चंद प्रकरणात स्पष्ट केले की अशी मुभा त्या त्या राज्याने दिलेली असावी लागते. महाराष्ट्रातील मुभा सीमा ओलांडून आपल्यासोबत गोव्यात येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता रिसॉर्टविषयी. पाहुणा तीन-चार रात्रींसाठी येतो. विरेचनाला आधी दीपन-पाचन, मग तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप, त्यानंतर अभ्यंग-स्वेदन, प्रत्यक्ष विरेचनाचा दिवस आणि पुढे पेजेपासून सुरू होणारा संसर्जन क्रम, असे एकूण दोन-तीन आठवडे लागतात. चार रात्रींत ते बसतच नाही. म्हणून तेथे अभ्यंग आणि शिरोधारा होते, तीही थेरपिस्ट करतात, आणि वैद्याचे काम प्रकृती विचारून आहाराचा तक्ता देण्यापुरते उरते. मुलाखतीत दोनच गोष्टी विचारा: पाहुणे सरासरी किती दिवस राहतात, आणि कोणते उपचार द्यायचे ते वैद्य ठरवतो की बुकिंगच्या वेळीच पॅकेज ठरलेले असते. चौदा दिवसांपेक्षा जास्त राहणारे रुग्ण असतील तर ते ठिकाण शिकण्यासारखे आहे, अन्यथा पगार चांगला असूनही आपल्या हेतूसाठी ती वर्षे वाया जातील.

गावच्या दवाखान्याचा हिशेबही नीट मांडा. नवीन वैद्याकडे विरेचनासाठी तीन आठवडे देणारा रुग्ण सहसा येत नाही, शेतकऱ्याला कामे असतात आणि नोकरदाराला रजा नसते. मी सुरुवात योगबस्तीने केली. आठ दिवसांचा क्रम, रोज सुमारे तासभर, रुग्ण घरी परत जातो. कंबरदुखीच्या ज्या रुग्णांची योग्य निवड होते, त्यांना याच आठ दिवसांत फरक जाणवतो आणि तेच पुढचे रुग्ण पाठवतात. मात्र निरूह उपाशीपोटी आणि अनुवासन जेवणानंतर द्यायचे असल्याने केवळ संध्याकाळचा दवाखाना चालत नाही, सकाळची वेळही लागते. रात्रपाळी करून सकाळी बस्ती द्यायला बसणे प्रकृतीला झेपत नाही, म्हणून रुग्णालयाकडे आठवड्यातून तीनच रात्री मागा आणि पगार तेवढा कमी घ्या.

जागा घेताना भाड्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे: उपचाराच्या खोलीला लागून शौचालय हवे. निरूहानंतर रुग्णाला थांबता येत नाही, आणि त्याला इतर रुग्णांसमोरून ओसरी ओलांडून जावे लागले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. अशा जागेसाठी मी मोक्याचा गाळा सोडून आतल्या गल्लीत गेलो.

कुंदकळी

मी बी.एच.एम.एस. आहे. आमच्यासाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सी.सी.एम.पी. अभ्यासक्रम आहे, तो मी केला आहे. परंतु त्यावरील नोंदणीचा वाद न्यायालयात गेल्यापासून रुग्णालये नेमणूक देताना कचरतात. धागाकर्तीने सी.सी.एम.पी. करावा असे मी सुचवेन.

वैद्य_पन्हाळा

कुंदकळी, तो अभ्यासक्रम होमिओपॅथी पदवीधरांसाठी आहे, धागाकर्तीला तो लागू होत नाही. आपली अडचण खरी आहे, त्यासाठी वेगळा धागा काढल्यास माहीतगार उत्तरे देतील.

रानजाई

संशोधनाचा उल्लेख राहिला. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संस्थांमध्ये, मुंबईत वरळीलाही अशी एक संस्था आहे, प्रकल्पापुरती कंत्राटी पदे थेट मुलाखतीने भरली जातात. तेथे रुग्ण समोर असतात आणि नोंदी ठेवण्याची शिस्त लागते. कायम संशोधन अधिकारी होण्यासाठी मात्र एम.डी. लागते. शमी, आपण हा मार्ग यादीत घ्यावा असे मला वाटते.

शमी_२२

सर्वांचे मनापासून आभार. रिसॉर्टला मी आपले दोन्ही प्रश्न विचारले: पाहुणे सरासरी पाच रात्री राहतात आणि पॅकेज आधीच ठरते. त्यामुळे तो मार्ग मी सोडत आहे. रुग्णालय तीन रात्रींना तयार आहे, पण त्या पगारात हप्ता भागत नाही. पहिल्या वर्षी बस्तीचे किती रुग्ण धरावेत, आणि तोपर्यंत कंत्राटी पदाचा शोध चालू ठेवावा का?

वैद्य_पन्हाळा

पहिले सहा महिने महिन्याला दोन-तीनच धरा. त्यावर हप्ता जाणार नाही. कंत्राटी पदाविषयी माझे रानजाईंशी एकमत नाही: प्रकल्प संपला की पुन्हा शून्यावरून गाव गाठावे लागते. मात्र कर्ज आपले आहे, माझे नाही. हप्त्याची रक्कम आणि सुरू होण्याचा महिना सांगितलात, तर पुढचा हिशेब मांडून देतो.