भाड्याच्या दुकानातलं पार्टिशन आणि वायरिंग

> पार्टिशन-वायरिंग १० वर्षं टिकेल, करार ५ वर्षांचा. घसारा १० वर्षांत का नको?

दुकान सोडताना भिंतीतली वायर उपसून नेता येत नाही. तिचा उपयोग करारासोबतच संपतो. खर्च ६ लाख असेल तर वर्षाला १,२०,००० नावे टाका. १० वर्षांत वाटलात तर चावी परत देताना पुस्तकात ३ लाख उरतील आणि त्यामागे वस्तूच नसेल. मुदतवाढीचा हक्क करारात लिहिलेला असेल आणि तुम्ही ती घेणार हे जवळपास नक्की असेल, तरच तो काळ धरा. मालकाच्या तोंडी शब्दावर अजिबात नको. सोबत नेता येणाऱ्या एसीला मात्र त्याचं स्वतःचं आयुष्य लावा. आयकराचा हिशोब वेगळा. तिथे घसारा ठरलेल्या दरानेच मिळतो, कराराची मुदत बघितली जात नाही.