मदत हवी आहे : मुलाच्या गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट तुटली होती, आता एक पाय आखूड वाटतोय

दिंडोरीची_आई :
नमस्कार. आम्ही दिंडोरीजवळ राहतो, मुलाचे उपचार नाशिकला चालू आहेत. फेब्रुवारीत, द्राक्षाच्या तोडणीत, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि उजवा पाय ट्रॉलीच्या पट्टीत अडकून पिरगळला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, गुडघ्याच्या अगदी वर, सरकलं होतं. रिपोर्टवर साल्टर हॅरिस टाइप २ लिहिलंय. भूल देऊन हाड बसवलं, दोन तारा घातल्या आणि नंतर त्या काढल्या. मे महिन्यापासून तो छान चालतो म्हणून आम्ही परत दाखवायला गेलोच नाही.
गेल्या आठवड्यात शाळेची नवी पँट दोन्हीकडे सारखीच मुडपून दिली, तर उजवी बाजू जमिनीला घासते. दोन्ही पायांचा उभ्याने लांब एक्स-रे काढला. उजवा पाय ६ मिमी कमी आहे. काळजी करण्यासारखं आहे का? झोप उडाली आहे.

सातपूरकर :
ताई, घाबरू नका. माझ्या मुलीच्या मनगटालाही टाइप २ च होतं. सहा आठवडे प्लास्टर, आणि आज हात अगदी सरळ आहे. डॉक्टर म्हणाले होते की १ आणि २ साधे, ३ आणि ४ वाईट, कारण त्यांत चीर सांध्यात उतरते, आणि ५ मध्ये प्लेट चिरडते. तुमचं २ आहे, म्हणजे काही होत नाही.

पंचवटी_आजोबा :
रोज नाचणी आणि दूध द्या, सकाळी लटकायला लावा. माझ्या नातवाची उंची अशीच वाढली.

दिंडोरीची_आई :
आजोबा, त्याची उंची चांगली आहे. प्रश्न फक्त एका पायाचा आहे.

हाडवैद्य_निवृत्त :
मुलांच्या हाडांच्या ओपीडीत बरीच वर्षं गेली माझी. सातपूरकर मनगटापुरतं बरोबर सांगताहेत. पण १९६३ मध्ये साल्टर आणि हॅरिस यांनी ही वर्गवारी केली ती चीर कुठून कुठे जाते यावर. धोका मात्र ती प्लेट कुठल्या हाडाची आहे यावरही तितकाच असतो. मनगटातली प्लेट बऱ्यापैकी सपाट, तिथे चीर एकाच थरातून निसटते. मांडीच्या खालच्या टोकाची प्लेट वळणावळणाची, डोंगरदऱ्यांसारखी. चीर सरळ जाताना तिचे उंचवटे कापत जाते आणि वाढीच्या पेशी दुखावतात. म्हणून इथे टाइप २ असूनही वाढ बिघडण्याचं प्रमाण बरंच जास्त, साधारण निम्म्या मुलांत.
आणि पूर्ण मांडीची सुमारे ७० टक्के वाढ हीच प्लेट करते, वर्षाला जवळजवळ १ सेंमी. दहा महिन्यांत ती पूर्ण थांबली असती तर फरक ८ मिमीच्या आसपास दिसला असता. तुमचा ६ आहे. पण गुडघा पूर्ण सरळ नसेल तर उभ्या एक्स-रेत पाय खोटाच आखूड दिसतो, शिवाय मोजण्यात दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतात. तेव्हा या एका आकड्यावर जाऊ नका. गुडघ्याच्या एक्स-रेत प्लेटच्या वर एक बारीक पांढरी रेघ दिसते का ते पाहा. ती प्लेटला समांतर असून दूर सरकलेली असेल, तर प्लेट वाढते आहे.

दिंडोरीची_आई :
फिल्म खिडकीवर धरून पाहिली. आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे, रेघ प्लेटपासून दूर आहे. बाहेरच्या बाजूला ती तिरकी होत प्लेटलाच चिकटल्यासारखी दिसते.

हाडवैद्य_निवृत्त :
मग एमआरआय करून घ्याच. बाहेरच्या बाजूला प्लेटमध्ये हाडाचा पूल तयार झाला असावा. तसं असेल तर आतली बाजू वाढत राहील, बाहेरची अडून बसेल, आणि पाय नुसता आखूड न होता गुडघा आत झुकेल. दोन्ही गुडघे जुळवून उभं केल्यावर घोट्यांमध्ये अंतर वाढतंय का, ते दर महिन्याला त्याच जागी मोजा.
पूल प्लेटच्या निम्म्याहून कमी असेल आणि दोन वर्षांची तरी वाढ शिल्लक असेल, तर तो कोरून तिथे चरबी भरता येते. त्यानंतर वाढ परत सुरू होईलच असं नाही. मुलांची ही प्लेट साधारण १६ व्या वर्षापर्यंत चालते. तुमचा मुलगा बाराच्या जवळ आहे, म्हणजे चार वर्षं. पूर्ण थांबली तर अजून सुमारे ४ सेंमी, वर आताचे ६ मिमी. पण आधी डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढा, ते वाढदिवसाशी जुळेलच असं नाही.

सातपूरकर :
हे मला ठाऊक नव्हतं, ताई. मी चुकीचा धीर दिला. पण फरक राहिलाच तर दुसऱ्या, चांगल्या पायाची प्लेट थांबवतात म्हणे?

हाडवैद्य_निवृत्त :
हो. अंदाजे २ ते ५ सेंमी फरक होणार असेल तर ठरावीक वेळी थांबवतात. लवकर केलं तर चांगलाच पाय आखूड, उशीर केला तर उपयोग नाही. त्याहून जास्त फरकाला हाड लांबवावं लागतं. २ सेंमीच्या आत असेल तर बुटात उंचवटा पुरतो.

दिंडोरीची_आई :
सोमवारी एमआरआयची वेळ मिळाली. घोट्यांमधलं अंतर आज २ सेंमी भरलं. हे जास्त आहे का?

हाडवैद्य_निवृत्त :
एकदाचं अंतर काही सांगत नाही, बऱ्याच मुलांत एवढं असतं. महिन्याने परत मोजा. एमआरआयचे रिपोर्ट नाही, पूर्ण फिल्म आणि सीडी मागून घ्या, आणि ज्यांनी तारा घातल्या त्यांच्याकडून फेब्रुवारीचे एक्स-रेही. पूल कुठे पडला हे त्यावरून कळतं.