मदत हवी आहे: 'फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का?' या निबंधात मत कसं मांडायचं?

स्नेहल_सोलापूर: आयईएलटीएसच्या रायटिंग टास्क २ ची तयारी करतेय. प्रश्न असा: तरुण नोकरीसाठी लहान शहर सोडून महानगरात जातात, याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? आमच्या गल्लीतली निम्मी मुलं पुण्याला गेलीत, त्यामुळे मुद्द्यांची वानवा नाही. माझा आराखडा: प्रस्तावना, मग दोन फायदे (पगार, हाताला लागणारं कौशल्य), दोन तोटे (घरभाडं, मागे एकटे राहिलेले आईवडील) आणि शेवटी 'फायदे जास्त'. मॅडमचा शेरा: मत स्पष्ट नाही. शेवटी लिहिलंय की!

कट्टेकरी: तीन फायदे, एकच तोटा लिहा. पारडं आपोआप जड.

बाळीवेस_सर: मुद्दे मोजून पारडं जड होत नाही. एक तोटा तीन फायद्यांना भारी पडू शकतो. स्नेहलताई, शेवटच्या वाक्यात 'तोटे जास्त' लिहून बघा. बाकी निबंध तसाच खपून गेला, तर मत आत कुठेच नाही, नुसतं शेवटी चिकटवलंय.

४० मिनिटांपैकी पहिली पाच यातच घाला. प्रत्येक मुद्द्याला विचारा: हा किती वर्षं टिकतो, आणि यावर काही उपाय आहे का? भाडं खोली वाटून घेतली की निम्मं होतं, म्हणून तो मुद्दा सोडून द्या; अडीचशे शब्दांच्या निबंधात सगळं मावतही नाही. आईवडिलांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो झाकू नका. कौशल्य जन्मभर सोबत राहतं. मग प्रस्तावनेतच लिहा: दुरावा सोसावा लागतो, तरी कौशल्य कायमचं असल्यानं फायदे जास्त. आधी तोट्याचा परिच्छेद घ्या. पुढचा परिच्छेद 'हा दुरावा सुट्टीत घरी येऊन, पैसे पाठवून कमी करता येतो, पण संधी हुकली तर...' असा त्यालाच धरून सुरू करा.

मंगळवेढेकर: मला सरावात 'फायदे-तोटे सांगा' एवढंच होतं. मी दोन्ही बाजू सारख्या लिहिल्या, चांगले गुण मिळाले. मत कशाला हवं?

बाळीवेस_सर: तुमच्या प्रश्नात निवाडा मागितलेलाच नव्हता. इथे तो मागितलाय.

स्नेहल_सोलापूर: सर, शेवट उलटा करून पाहिला. खरंच काही बिघडलं नाही! तुम्ही सांगितलं तसं नव्यानं मांडते. पण एक अडलंय: जाणाऱ्याचा फायदा होतो, तर तोटा सोलापूरचा, शिकलेली माणसंच निघून जातात. मग तोलायचं कोणाच्या बाजूनं?

बाळीवेस_सर: प्रश्नात कोणासाठी ते दिलेलं नसेल, तर प्रस्तावनेत एक बाजू धरा. मी 'जाणाऱ्या तरुणासाठी' असंच लिहायला सांगतो.

कट्टेकरी: हे नाही पटत. शहराला वगळलं तर अर्धाच प्रश्न सोडवला असं होईल. तोट्याच्या परिच्छेदात शहर यायलाच हवं.

स्नेहल_सोलापूर: दोन्ही तऱ्हांनी लिहून मॅडमना दाखवते. त्या काय म्हणतात ते इथे टाकेन.