मदत हवी आहे: नणंदेच्या लग्नाचा कार्यक्रमवार मेसेज (वेळ आणि कपडे), जरा तपासून द्या

अमळनेरची_सून

नणंदेचं लग्न मेमध्ये अमळनेरला आहे. वऱ्हाड धुळ्याहून येणार. शनिवारी मांडव, देवक, हळद आणि रात्री गाणी, रविवारी लग्न. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवावा, कोणत्या कार्यक्रमाला किती वाजता यायचं आणि काय घालायचं ते त्यात असावं, असं घरात ठरलंय. लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला मसुदा हा:

शनिवार: मांडव सकाळी ९ (पारंपरिक). हळद दुपारी ४ (यलो). संगीत रात्री ८ (इंडो-वेस्टर्न).
रविवार: विवाह मुहूर्त १२.२५ (पेस्टल).

घरच्या ग्रुपवर टाकला तर पाडळशाच्या मावशीसासूबाईंचा लगेच फोन: "हाई काय शे वं बई? मी नऊवारी नेसू का नको?" दुसरीकडे पुण्याचे दीर विचारतात की पोरांना कुर्ते कुठल्या रंगाचे घ्यायचे. दोघांनाही कळेल असा मेसेज हवाय. गावाकडची बरीच मंडळी शेतीवाली आहेत. रंग सांगितला म्हणून कुणी उधारीवर साडी घेतलेली मला चालणार नाही. आणि वेळा पाळल्या जाव्यात यासाठी काय लिहायचं?

खानदेशी_मीनल

हळदीला हल्ली तयार पिवळे सेट मिळतात, आरशाच्या कामाचे. जळगावला फुले मार्केटमध्ये बघा. संगीतसाठी शरारा छान दिसेल. तुमचा वर्ण सावळा असेल तर लिंबू रंग टाळा, आंबा रंग घ्या.

अमळनेरची_सून

मीनलताई, खरेदीचं नंतर नक्की विचारते. आत्ता पाहुण्यांना जायचा मजकूर अडलाय.

कार्यालयवाले_काका

मी बरीच वर्षं मंगल कार्यालय सांभाळलं आहे, त्या अनुभवावरून सांगतो. कपड्यांचं सोपं आहे, आधी वेळेचं बघू.

पहिली गोष्ट, दुपारी ४ ची हळद. तुमच्याकडे नवऱ्या मुलाची उष्टी हळद येते ना? मग तुमची हळद तुमच्या घड्याळावर सुरू होणारच नाही, ती धुळ्याच्या घड्याळावर होईल. तिकडे नवरदेवाला हळद लागणार, त्यातली काढून करवली आणि दोन बायका गाडीत बसणार, तासाभराचा रस्ता. आल्यावर त्यांचं हातपाय धुणं, चहापाणी, ओटी. त्यांची हळद दुपारी ३ ला लागली तर तुमच्या दारात गाडी ६ च्या आत दिसणार नाही. मेसेजात ४ लिहिलं तर मेच्या उन्हात सगळ्या सुवासिनी दोन तास अंगणात बसतील. आपल्याकडे त्या दिवसांत ४३-४४ पारा असतो, ४ वाजता फरशीवर पाय ठेवता येत नाही. संध्याकाळी साडेसहा लिहा, पण त्याआधी व्याह्यांना फोन करून त्यांच्या हळदीची वेळ पक्की करा. ती कळल्याशिवाय मेसेज पाठवू नका.

दुसरी गोष्ट, मुहूर्त. पत्रिकेत १२.२५ छापा, ते शास्त्राचं आहे. मेसेजात मात्र पोचायची वेळ लिहा. नुसता मुहूर्त दिसला की माणूस १२.२५ ला घरून निघतो. "नाश्ता ९ ते १०.३०, सर्वांनी ११.३० पर्यंत मांडवात, अक्षता १२.२५, जेवण १ पासून" असं लिहिलं की ज्याला एस.टी. पकडायची तो त्याचा हिशोब करतो. जेवणाची वेळ लिहायला लोक लाजतात, पण खेड्यावरून आलेला माणूस तीच आधी बघतो.

फेटे बांधणार आहात का?

अमळनेरची_सून

काका, उष्टी हळद येते. वेळेचा तो मुद्दा घरात कुणीच काढला नव्हता, आजच सासऱ्यांना सांगते. फेटे साधारण ६०, बांधणारा एकच ठरवलाय. तो ११ ला येतो म्हणाला.

कार्यालयवाले_काका

मग तिथेच लग्न लांबेल. तयार टोपीसारखा बसवायचा फेटा नसेल, कापडाचा असेल, तर चांगल्या हाताला एका डोक्याला दोन-तीन मिनिटं लागतात. ६० म्हणजे दोन-तीन तास. ११ ला बसला तर मुहूर्ताला अर्धी मंडळी रांगेत. दोन माणसं लावा, ९.३० ला बसवा आणि मेसेजात लिहा: "फेटे ९.३० ते ११, नाश्त्याच्या हॉलशेजारी." नाश्ता आणि फेटा एका ठिकाणी ठेवला की लोक आपोआप लवकर येतात. वऱ्हाडाचे फेटे त्यांचे ते बांधून येतील का, तेही विचारून घ्या.

भुसावळकर_निलेश

एवढं लिहून कोण वाचतंय? सरळ एक सुंदर इमेज बनवा, वर गणपती, खाली चार चौकटी, प्रत्येक चौकटीत त्या रंगाचा ठिपका. ब्रॉडकास्ट लिस्टने सगळ्यांना एकदम पाठवा, ग्रुपची कटकट नाही. माझ्या भावाच्या लग्नात असंच केलं होतं.

सायली_जळगाव

निलेशभाऊ, रंगाच्या ठिपक्याची कल्पना खरंच चांगली, वाचायला न येणाऱ्यालाही कळतं. पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असतो त्यांनाच पोचतो. ताई घरातली सून आहे, नवऱ्याकडच्या किती मामा-काकांकडे तिचा नंबर असेल? तो सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरून जायला हवा. आणि इमेजमधल्या पत्त्यावर बोट ठेवून नकाशा उघडत नाही. म्हणून इमेज पाठवा आणि तिच्या खाली छोटा मजकूर वेगळा पाठवा, त्यात कार्यालयाचं लोकेशन. मजकूर आखूड ठेवा, लांब झाला की व्हॉट्सॲप तो अर्ध्यात दुमडतं आणि रविवारचा भाग खाली दडून राहतो. वार आणि वेळेच्या दोन्ही बाजूंना * हे चिन्ह लावलं की अक्षरं ठळक होतात.

चोपड्याचा_भाऊ

आमच्याकडे मागच्या वर्षी हळदीला "पांढरा आणि पिवळा" असा ड्रेसकोड दिला होता. माझा नवा पांढरा कुर्ता पार गेला. घरी बायकोने साबण लावला तर डाग लालच झाला, मग अजून घासला. ताई, पांढरा लिहू नका एवढंच सांगतो.

सायली_जळगाव

हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. धुऊन कडक उन्हात वाळत घातला असता तर दोन-तीन दिवसांत डाग बराच फिका पडला असता, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पण मुद्दा बरोबर आहे. "हळदीला जुने, सुती, धुता येतील असे कपडे. पिवळं असेल तर उत्तम, नसेल तर कुठलंही चालेल" असं लिहा. जुने म्हटलं की खर्चाचा प्रश्नच मिटतो, आणि उन्हाळ्यात सुतीच बरं.

लेवा_काकू_यावल

सायली बरोबर बोलली. मी अजून एक सांगते. लग्नाच्या दिवशी पाहुण्या बायकांना पिवळं सांगू नका. अक्षता पडतात तेव्हा मामाने दिलेली अष्टपुत्री नवरीच्या अंगावर असते, पिवळी. तिच्या भोवती दहा जणी पिवळ्या उभ्या राहिल्या की फोटोत नवरी शोधावी लागते. तुमच्या मसुद्यात पेस्टल आहे ते त्या दृष्टीने ठीक, पण मावशींना "अबोली, फिकट गुलाबी, पिस्ता" असं सांगा. नऊवारीला तर कुठलाच नियम नको, जी नेसते तिला नेसू द्या, म्हातारीला वेगळा फोन करून सांगा की नऊवारीच नेस. आणि मांडवाला काय घालायचं ते लिहूच नका. त्या दिवशी भाऊकीतल्या बायका पहाटेपासून कामात असतात.

कार्यालयवाले_काका

काकूंच्या बोलण्यावरून आठवलं. अक्षता झाल्या की नवरी अष्टपुत्री बदलून शालू नेसायला जाते. दागिने, केस धरून अर्धा-पाऊण तास कुठे गेला कळत नाही. त्याच वेळी पाहुणे पाकीट हातात घेऊन स्टेजपुढे उभे राहतात, भूक लागलेली असते, मग चिडतात. मेसेजात एक ओळ टाका: "अक्षतांनंतर आधी जेवण करून घ्यावे, स्टेजवर भेट दुपारी २ पासून." पंगत आणि स्टेज दोन्हीकडची गर्दी वाटली जाते.

अमळनेरची_सून

सगळ्यांचं ऐकून नवा मजकूर असा केलाय. धुळ्याशी बोलणं झालं, त्यांची हळद ३ ला आहे, गाडी साडेचारला निघेल.

*शनिवार*
*संध्या. ६.३०* हळद, घरी. जुने सुती कपडे. पिवळे असल्यास छान, नसल्यास कुठलेही.
*रात्री ८.३०* जेवण, मग गाणी, गच्चीवर. आवडीचे कपडे.
*रविवार* (कार्यालयात, लोकेशन खाली)
*सकाळी ९ ते १०.३०* नाश्ता. *९.३० ते ११* फेटे, तिथेच.
*११.३०* सर्वांनी मांडवात. *१२.२५* अक्षता.
*दुपारी १ पासून* जेवण. *२ पासून* स्टेजवर भेट.
कपडे: साडी, नऊवारी, कुर्ता, जे असेल ते. नवीन घेणारच असाल तर अबोली, फिकट गुलाबी किंवा पिस्ता.

मांडव आणि देवक यात लिहिलं नाही, ते भाऊकीला तोंडी सांगणार. पण इथेच घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, मांडव लिहिला नाही तर लांबच्या जावा "आम्हाला मांडवाला बोलावलं नाही" म्हणून रुसतील. सासरे म्हणतात, लिहिला तर पुण्याची सगळी मंडळी सकाळी ९ ला दारात, आणि नाश्ता फक्त भाऊकीपुरता.

लेवा_काकू_यावल

सासूबाईंचं ऐका. रुसवा दहा वर्षं टिकतो, पोहे तर तासाभरात होतात.

कार्यालयवाले_काका

मी सासऱ्यांच्या बाजूने. दोन मेसेज करा, भाऊकीच्या ग्रुपवर मांडवासकट, बाकीच्यांना हाच.

सायली_जळगाव

दोन मेसेज केले की एक तासात दोन्ही एकमेकांच्या ग्रुपवर फिरतात काका, मग जास्त वाईट वाटतं. मला वाटतं "सकाळी मांडव, घरगुती" एवढंच, वेळ न देता लिहावं. ज्यांना यायचंय ते फोन करतील. आणि ताई, आजच्याऐवजी लग्नाच्या आठ दिवस आधी पाठवा, मग शुक्रवारी रात्री तोच पुन्हा. महिनाभर आधी पाठवलेला मेसेज शनिवारी शोधून सापडत नाही.

भुसावळकर_निलेश

इमेज मी करून देतो ताई, ठिपक्यांसकट. लग्नाच्या रंगांचे तीन ठिपके आणि हळदीचा एक, बरोबर ना? गाण्यांना ठिपका नाही?

अमळनेरची_सून

हो भाऊ, गाण्यांना नको. मांडवाचं आज रात्री सासूबाई-सासऱ्यांसमोर पुन्हा काढते, सायलीची ओळ त्यांना वाचून दाखवते. आणि फेटेवाल्याच्या जोडीला दुसरा माणूस हवाय, अमळनेर किंवा धरणगावकडे कुणी चांगला बांधणारा माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.