‘करमुक्त मर्यादा’ : उंबरठा की थर?

मुद्रितशोधक : घरगुती हिशेबावरच्या एका पुस्तिकेची मुद्रिते सध्या तपासत आहे. तीत असे वाक्य आहे : ‘ज्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादा ओलांडते, त्यांना या सुटीचा लाभ मिळत नाही.’ मला हे वाक्य खटकते. लेखकाचे म्हणणे असे की ‘मर्यादा’ हा शब्दच तो अर्थ सांगतो, कारण मर्यादा ओलांडली की आत असल्याचे फायदे संपतात. चूक वाक्याची आहे की शब्दाची?

अरुंधती_क : लेखकाचे बरोबर आहे असे मला वाटते. नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा बारा लाखांची आहे आणि ती ओलांडली की सगळ्या उत्पन्नावर कर बसतो. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे करपात्र उत्पन्न पगारवाढीने बारा लाखांच्या थोडे वर जाणार होते. वाढलेला पैसा हातात काहीच उरत नाही, हे त्याने हिशेब मांडून दाखवले होते.

रानवारा : ‘करमुक्त’ हा शब्द मी चित्रपटांच्या जाहिरातींत वाचत आलो आहे. तिथे चित्रपट करमुक्त असे आणि तिकीट स्वस्त मिळे. इथेही व्यक्ती करमुक्त होते असाच अर्थ घ्यायचा ना?

जुना_चलान : करसल्लागार म्हणून माझी बरीच वर्षे याच शब्दाचा खुलासा करण्यात गेली आहेत. रानवारा, घोळ नेमका तिथेच आहे. इथे व्यक्ती मुक्त होत नाही. उत्पन्नाचा तळाचा भाग मुक्त होतो, आणि तो प्रत्येकाचा होतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर दर शून्य आहे, चार ते आठ लाखांच्या भागावर पाच टक्के, आठ ते बारा लाखांच्या भागावर दहा टक्के, आणि असे चढत चढत चोवीस लाखांच्या पुढे तीस टक्के. ज्याचे उत्पन्न तीस लाख आहे, त्याच्याही पहिल्या चार लाखांवर शून्यच कर लागतो. म्हणून पुस्तिकेतील वाक्य चूक आहे. चार लाखांची रेघ ओलांडणाऱ्याचे खालचे चार लाख कोणी परत मागत नाही.

मात्र ‘मर्यादा’ हा शब्द एके काळी तंतोतंत खरा होता. १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला, तेव्हा वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नावर कर नव्हता आणि २०० ते ५०० रुपयांपर्यंत दोन टक्के होता, तोही संपूर्ण रकमेवर. १९९ रुपये मिळवणाऱ्याकडे १९९ उरत. २०१ मिळवणारा चार रुपयांहून थोडे जास्त भरून १९७च्या खाली येई. तो खरा उंबरठा. उत्पन्नाचे थर पाडून प्रत्येक थराला वेगळा दर लावण्याची पद्धत आपल्याकडे १९३९च्या दुरुस्तीने आली. गोष्ट बदलली, शब्द मात्र मागेच राहिला.

अरुंधतीताई, आपल्या सहकाऱ्याचा हिशेब खरा आहे, पण तो या मर्यादेचा नाही. बारा लाखांची जी गोष्ट वर्तमानपत्रे ‘करमुक्त मर्यादा’ म्हणून छापतात, ती कलम ८७अ खालची रिबेट आहे. तिथे आधी दरपत्रकाप्रमाणे कर काढतात, बारा लाखांवर तो ६०,००० रुपये येतो, आणि मग तो संपूर्ण माफ होतो. बारा लाख दहा हजारांवर ही माफी मिळत नाही आणि कर ६१,५०० होतो. मात्र वरचे उत्पन्न दहाच हजारांचे असल्यामुळे कायदा कर दहा हजारांवर थांबवतो. त्यावर उपकर वेगळा. म्हणजे बारा लाखांच्या पुढचे साधारण सत्तर हजार रुपये जसे येतात तसे करातच जातात. असा कडा शून्य दराच्या थराला नाही : चार लाखांच्या पुढे मिळवलेल्या रुपयावर दरपत्रक पाचच पैसे मागते.

मुद्रितशोधक : मग मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला हा शून्याचा थर द्यायचाच कशाला? गरजूंपुरता ठेवला तर ‘मर्यादा’ शब्दही सुटतो आणि तिजोरीचाही फायदा होतो.

जुना_चलान : तसे केले की १८६०चा कडा परत येतो. शिवाय त्याची किंमत मोजून पाहा. पहिल्या चार लाखांवर पाच टक्के दर लावला असता तर प्रत्येकाला वीस हजार रुपये जास्त पडले असते. हे वीस हजार चार लाखवाल्याच्या उत्पन्नाचे पाच टक्के आहेत आणि तीस लाखवाल्याच्या उत्पन्नाचा एक टक्काही नाहीत. रक्कम सर्वांना सारखी, भार मात्र सारखा नाही. वरचे सगळे टप्पे काढून एकच दर ठेवला, तरी तळाच्या या शून्यामुळे कराचे उत्पन्नाशी प्रमाण उत्पन्नाबरोबर चढतच जाते.

‘वजावटी’चे उलट असते. पन्नास हजारांची वजावट तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे पंधरा हजार वाचवते आणि पाच टक्केवाल्याचे अडीच हजार. म्हणून ‘सूट’ आणि ‘वजावट’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मला सोसत नाहीत.

दुसरे कारण अगदी रोखठोक आहे. घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला, हंगामी मजूर यांच्याकडून पहिल्या रुपयापासून पाच टक्के घ्यायचे म्हटले, तर प्रत्येकाची नोंद, विवरणपत्र आणि तपासणी आली, आणि हाती येणारी रक्कम त्या कागदालाही पुरणार नाही.

श्रीरंग_ठाणे : माझ्या आईचे वय ६७ आहे. व्याजाचे २,२०,००० आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांवरचा नफा ३,००,०००, असे एकूण ५,२०,०००. बारा लाखांच्या खूप खाली, म्हणून विवरणपत्राची गरज नाही असे मी समजत होतो. आता शंका येते.

जुना_चलान : शंका रास्त आहे, इथेच दोन्ही गोष्टी वेगळ्या पडतात. नव्या प्रणालीत या अल्पकालीन नफ्यावर वीस टक्क्यांचा वेगळा दर आहे आणि त्या कराला रिबेट मिळत नाही. पण शून्याचा थर मदतीला येतो. व्याजाने चार लाखांपैकी २,२०,००० वापरले. उरलेले १,८०,००० नफ्यातून वजा होतात. राहिले १,२०,०००, त्यावर २४,००० आणि चार टक्के उपकर धरून २४,९६० रुपये. विवरणपत्रही भरावे लागेल, कारण ते बंधन चार लाखांच्या रेघेशी बांधलेले आहे, बाराच्या नाही. हाच नफा शारजात राहणाऱ्या अनिवासी मुलाच्या नावावर असता, तर न वापरलेला थर असा वळवता आला नसता आणि पूर्ण तीन लाखांवर वीस टक्के लागले असते.

हायडेलबर्गकर : इथे जर्मनीत या रकमेला ‘ग्रुंडफ्रायबेट्राग’ म्हणतात, शब्दशः ‘मूळ मुक्त रक्कम’. मर्यादेचा उल्लेखच नाही. जगण्यापुरत्या उत्पन्नाला हात लावता येणार नाही, असा निकाल १९९२ साली इथल्या घटना न्यायालयाने दिला, त्यामुळे ती रक्कम निर्वाहखर्चाशी जोडलेली असते. भारतातले चार लाखही तसेच ठरतात का?

जुना_चलान : नाही. आपल्याकडे ती रक्कम अर्थसंकल्पाबरोबरच्या वित्त विधेयकात ठरते. १९६१च्या कायद्याच्या भाषेत ती ‘करास पात्र नसलेली कमाल रक्कम’ आहे. तिथेही ‘रक्कम’च आहे, हे मुद्रितशोधकांनी लेखकाला जरूर दाखवावे.

अरुंधती_क : हिशेब पटला, शब्द अजून पटत नाही. ‘मूळ मुक्त रक्कम’ असे बँकेच्या खिडकीशी म्हटले, तर समोरचा मुदत ठेवीचे मुद्दल समजेल.

मुद्रितशोधक : लेखकाशी बोललो. ‘करमुक्त मर्यादा’ बदलायला तो तयार नाही, वाचक तोच शब्द घेऊन येतो म्हणतो. वाक्य मात्र असे झाले : ‘उत्पन्न कितीही असो, त्यातील पहिल्या चार लाखांवर कर नाही.’ पुढच्या पानावर त्याने रिबेटलाही ‘सूट’ म्हटले आहे. तिथे ‘करमाफी’ सुचवावे, तर कर्जमाफीची आठवण होते, अशी त्याची हरकत आधीच आली आहे.