मदत हवी आहे: ढोबळ नफा घटला, निव्वळ नफा वाढला, हे कसं?

सुटेभाग
नमस्कार. वर्षाचे हिशेब काल हातात आले. ट्रेडिंग अकाउंटमधला ढोबळ नफा गेल्या वर्षीपेक्षा २ लाखांनी कमी दिसतोय, आणि खाली नफा-तोटा खात्यात निव्वळ नफा ८० हजारांनी जास्त. हिशेब लिहिणारे म्हणतात, नफा वाढलाय, मग काळजी कशाला? मला पटत नाही. धंदा एकच, मग एक आकडा वर आणि एक खाली कसा? उद्या संध्याकाळी सही करून कागद द्यायचे आहेत. कृपया लवकर सांगा.

निवांत
ट्रेडिंग अकाउंट वेगळं आणि डिमॅट अकाउंट वेगळं. ट्रेडिंगमधून फक्त खरेदी-विक्रीची ऑर्डर जाते, शेअर डिमॅटमध्ये राहतात. दलाली कापून घेतात, म्हणून नफा कमी दिसत असेल.

सुटेभाग
शेअरचं नाही हो. मालाचा धंदा आहे, यंत्रांचे सुटे भाग. त्याचं व्यापार खातं म्हणतोय.

खतावणी
विक्री सांगितलीच नाहीत. दोन्ही वर्षांची विक्री द्या, ढोबळ नफ्याचे पूर्ण आकडे द्या, आणि खालच्या खात्यात गेल्या वर्षीपेक्षा वेगळं काय आहे तेही लिहा. नुसत्या फरकावरून काही सांगता येणार नाही.

सुटेभाग
विक्री ८० लाखांवरून ९० लाख. ढोबळ नफा २० लाख होता, आता १८. निव्वळ ६ लाख होता, आता ६ लाख ८० हजार. भाडं, पगार तेवढेच. कर्ज फिटल्यामुळे व्याज १ लाखाने कमी झालं. आणि हो, एक जुनं मशीन विकलं, त्यात पुस्तकी किमतीपेक्षा १ लाख ८० हजार जास्त मिळाले.

खतावणी
मग तुमचं कोडं सुटलं. माल घेऊन विकण्यात २ लाख गमावले, व्याजात १ लाख वाचला, मशीनचे १ लाख ८० हजार आले. बेरीज ८० हजार जास्त. पण व्याज एकदा शून्यावर आलं की आणखी कमी होणार नाही, आणि ते मशीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही.

खरी गोष्ट २ लाखांपेक्षा मोठी आहे. गेल्या वर्षी १०० च्या विक्रीत २५ राहत होते, यंदा २०. जुन्याच दराने ९० लाखांवर साडेबावीस लाख यायला हवे होते. म्हणजे साडेचार लाख कमी आलेत, आणि निव्वळ नफ्याच्या ओळीत त्यांचा मागमूस नाही. सही करायच्या आधी ते शोधा.

गल्ला
मी २२ वर्षं धंदा करतोय. शेवटी हातात उरतो तो निव्वळ नफा, घरखर्च आणि हप्ते त्यातूनच जातात. ढोबळ नफ्याचं एवढं मनावर घेऊ नका. आणि दर घसरलाच असेल तर माल चोरीला जातोय, कॅमेरे लावा.

खतावणी
गल्लाशेठ, पहिलं अर्धं बरोबर आहे. पण विक्री वाढूनही दर पडतोय म्हणजे खरेदी, किमती किंवा साठा, यांत कुठेतरी बिघडलंय, आणि ते वरच्या खात्यातच दिसतं. चोरीचा संशय अगदी शेवटी. लोकांवर बोट दाखवण्याआधी कागद बघू.

सुटेभाग, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदीची बिलं काढा आणि तो माल गोदामात कधी उतरला त्या तारखा शेजारी लिहा. बिल खरेदीत चढलं आणि साठा मोजताना माल वाटेत असला, तर तो अखेरच्या साठ्यात येत नाही. खर्च धरला जातो, माल धरला जात नाही.

बीकॉम_दुसरं_वर्ष
मध्येच विचारते, माफ करा. तेरीजपत्रकातच अखेरचा साठा दिला असेल तर तो व्यापार खात्यात घ्यायचा का?

खतावणी
नाही, फक्त ताळेबंदात. तो आधीच खरेदीतून वजा झालेला असतो. पण वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

सुटेभाग
बिलं काढली. अशी दोन निघाली, मिळून बरोबर २ लाख. माल पाच दिवसांनी आला, आणि साठा वर्षाच्या शेवटच्या रात्री मोजला होता! म्हणजे ढोबळ नफा २० लाख?

खतावणी
बिल झाल्यापासून माल तुमच्या मालकीचा असेल तर हो. पुरवठादाराशी काय ठरलंय ते बघून घ्या. निव्वळ नफाही तेवढाच वाढेल, पण पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा २ लाखांनी जास्त धरला जाईल. नवी कमाई झालेली नाही, ती योग्य वर्षात आली एवढंच.

आता वाहतूक. व्यापार खात्यात ती किती आहे, आणि त्यात काय काय आहे?

सुटेभाग
३ लाख, गेल्या वर्षी २ होती. यंदा गिऱ्हाइकांना माल पोचवायला भाड्याची गाडी लावली, त्याचे ९० हजार त्यातच आहेत. आधी गिऱ्हाइकं स्वतः नेत होती.

खतावणी
ते ९० हजार तिथे नकोत. माल आपल्या दारात आणण्याचं भाडं वरच्या खात्यात, गिऱ्हाइकाकडे पोचवण्याचं खाली, विक्री खर्चात. हलवल्यावर निव्वळ नफा जागचा हलणार नाही, पण ढोबळ नफा २० लाख ९० हजार होईल, दर २३ टक्क्यांच्या थोडा वर.

गल्ला
खाली टाकलं काय, वर टाकलं काय, पैसे गेलेच ना? मी सगळं एकत्र लिहितो, काही अडत नाही.

खतावणी
पैसे गेले, हे खरं. पण उद्या पोचवणं बंद करायचं की पुरवठादाराशी भाव करायचा, हे ठरवताना दोन्ही एकत्र असतील तर कुठे दुखतंय तेच कळत नाही. तुमच्याकडे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर चालतं, म्हणून अडलं नसेल.

सुटेभाग, अजून १ लाख ६० हजारांची तूट आहे. किमती कोण लावतं?

सुटेभाग
आधी मी. गेल्या सहा महिन्यांत नवीन मालावर भाचा लावतो. त्याला सांगितलं होतं २५ टक्के ठेव. तो सांगितल्याप्रमाणेच करतो, त्याचं बिल मी पाहिलंय: ४००चा भाग ५००ला.

खतावणी
तिथेच आहे बहुतेक. ४०० वर १०० हे खरेदीच्या २५ टक्के झाले, पण विक्रीच्या २०च. तुम्हाला विक्रीवर २५ हवे असतील तर ४००चा भाग ५३३च्या आसपास जायला हवा, म्हणजे खरेदीवर साधारण ३३ टक्के चढवायचे. भाच्याने ऐकलं बरोबर, टक्के कशावर हे कुणीच बोललं नाही.

दर ५ टक्क्यांनी कमी म्हणजे १ लाख ६० हजारांची तूट भरून निघायला अशा मालाची विक्री ३२ लाख असायला हवी. त्याने किमती लावलेल्या मालाची बिलं एकत्र करा. बेरीज ३२च्या जवळ आली तर चोर शोधायची गरज नाही. १० लाखच निघाली तर उरलेलं अजून कुठेतरी आहे.

साधना_वही
एक राहिलं. घरच्या वापरासाठी किंवा नातेवाइकांना दिलेले भाग खरेदीतून वजा केलेत का? आमच्याकडे भावाने वर्षभर नेलेला माल कुठेच लिहिला नव्हता आणि ढोबळ नफा तेवढाच खाली आला होता.

सुटेभाग
एका नातेवाइकाच्या वर्कशॉपला दिले होते, लिहिलेले नाहीत. किती ते विचारावं लागेल. हिशेब लिहिणाऱ्यांना फोन केला, साठा आणि वाहतूक दुरुस्त करायला ते तयार आहेत. सही दोन दिवस पुढे ढकलली. भाच्याची बिलं उद्या सकाळी घेऊन बसतो, बेरीज इथेच टाकतो.

निवांत
दलालीचं काय झालं मग?